एएफएमध्ये इंटरसेक्शन आणि कॉम्प्लिमेंट इतके स्वस्त कसे, आणि मग महाग काय पडतं?

प्रश्न: "दोन एनएफएंचं इंटरसेक्शन घेतलं की m·n स्टेट्स होतात, कॉम्प्लिमेंट घ्यायला गेलं तर 2^n पर्यंत जातं. अल्टरनेटिंग फायनाइट ऑटोमेटन म्हणजे एएफएमध्ये मात्र म्हणे m+n+1 आणि n मध्येच भागतं. लँग्वेज तर रेग्युलरच आहे ना, मग हे जमतं कसं? आणि इतकं स्वस्त असेल तर सगळे एनएफएच का वापरत बसतात?"

जमतं, त्यात काही गोलमाल नाही, पण वाचलेले खर्च कुठेतरी दुसरीकडे भरावे लागतात आणि ते नेमके कुठे हे कळलं की कधी एएफए घ्यायचा ते आपोआप कळतं. मी पॅटर्न मॅचिंगच्या कामात हे बरीच वर्षं वापरतोय, आणि त्यात स्वतः दोन-तीनदा चांगला आपटलोय, तेव्हा त्याच क्रमाने सांगतो.

आधी एक सवय बदला. एनएफएकडे बघताना आपण "मशीन आता कुठे आहे" असा विचार करतो. एएफएसाठी स्टेट म्हणजे उरलेल्या शब्दाबद्दलचा एक दावा असं समजा. q स्टेटवर आहोत म्हणजे "इथून पुढे जे काही वाचायचं राहिलंय ते q पासून सुरू केलं तर पास होतं" असा दावा. मग ट्रान्झिशन म्हणजे काय, तर आजचा दावा एक अक्षर खाऊन उद्याच्या दाव्यांमध्ये कसा बदलतो तो नियम. एनएफएमध्ये हा नियम फक्त "किंवा" वापरू शकतो: `q1 ∨ q2`, म्हणजे दोघांपैकी एक खरा ठरला तरी बास. एएफएमध्ये "आणि" पण चालतो: `q1 ∧ q2`, दोन्ही खरे ठरले पाहिजेत. बाकी सगळं तेच. शब्द संपला की ज्या स्टेट्स फायनल आहेत त्यांचे दावे खरे, उरलेल्यांचे खोटे.

एवढ्याने काय फरक पडतो ते एका उदाहरणात दिसतं, आणि मी कुणालाही समजावताना हेच घेतो कारण यात सगळं मोजता येतं. अल्फाबेटमध्ये एकच अक्षर, `a`. लँग्वेज अशी की शब्दाची लांबी २, ३, ५, ७ आणि ११ या पाचही आकड्यांनी भागली गेली पाहिजे. प्रत्येक आकड्यासाठी एक गोल चक्र काढा, दोनचं दोन स्टेट्सचं, तीनचं तीनचं, असं. सगळी मिळून 2+3+5+7+11 = 28 स्टेट्स. आता एक नवीन सुरुवातीची स्टेट `s` जोडा, तिचं `a` वरचं ट्रान्झिशन म्हणजे प्रत्येक चक्रातल्या "उरले १" वाल्या स्टेट्स मधे ∧ टाकून. `s` फायनल ठेवा कारण लांबी शून्य पण चालते. २९ स्टेट्स, झालं काम. प्रत्येक चक्र स्वतःपुरतं मोजतं, शेजारच्या चक्रात काय चाललंय याचं त्याला काही घेणंदेणं नाही, शेवटी सगळ्यांनी हो म्हटलं की शब्द पास.

एनएफएला हेच करायला लावा. प्रॉडक्ट घेतलं तर 2·3·5·7·11 = 2310 स्टेट्स. तुम्ही म्हणाल प्रॉडक्ट ही एक पद्धत झाली, हुशारीने कमीत होत असेल. नाही होत, आणि का ते दोन मिनिटांत पटतं. समजा २३१० पेक्षा कमी स्टेट्सचा एनएफए आहे. तो लांबी २३१० चा शब्द पास करतोच. त्या रस्त्यावर पहिल्या २३१० जागांमध्ये कुठली तरी स्टेट दोनदा आलीच पाहिजे, कारण तेवढ्या वेगळ्या स्टेट्सच नाहीत. त्या दोन जागांमधला तुकडा कापून टाका, रस्ता अजूनही धड आहे, पण शब्दाची लांबी आता १ ते २३०९ च्या मधली कुठलीतरी झाली, आणि मशीन तो पास करतंय. तो पाचही आकड्यांनी भागला जाणं शक्यच नाही. म्हणजे २३१० च्या खाली एनएफए नाहीच. १३ चं चक्र जोडलं तर एएफए ४२ वर जातो आणि एनएफए ३०,०३० वर. एकीकडे बेरीज चाललीय, दुसरीकडे गुणाकार.

कारण असं की एनएफए कुठल्याही क्षणी एकाच रस्त्यावर असतो, त्यामुळे "दोनने उरले १ आणि तीनने उरले २ आणि पाचने उरले ०..." ही सगळी माहिती त्याला एकाच स्टेटच्या नावात कोंबावी लागते. एएफएला कोंबावी लागत नाही, तो पाच दावे वेगवेगळे चालू ठेवतो.

आता याच उदाहरणाचा कॉम्प्लिमेंट बघा, मला तो जास्त आवडतो. "लांबी पाचपैकी निदान एका आकड्याने भागली जात नाही." हा एनएफएला सोपा आहे, त्याच २९ स्टेट्स, फक्त `s` मधून कुठल्यातरी एका चक्रात उडी मारायची आणि तिथे उरलेली संख्या शून्य नसली की पास. म्हणजे २९ स्टेट्सचा एक एनएफए असा आहे की ज्याच्या कॉम्प्लिमेंटला एनएफएमध्ये किमान २३१० लागतात. एनएफएला एका बाजूचं बोलता येतं, उलट बाजूचं नाही. "कुठेतरी चुकतंय" हे सांगायला एक साक्षीदार पुरतो, "कुठेच चुकत नाही" याला सगळे लागतात, आणि "सगळे" हा शब्दच एनएफएच्या भाषेत नाही. एएफएमध्ये दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे कॉम्प्लिमेंट म्हणजे नुसती अदलाबदल: प्रत्येक ∧ चा ∨, प्रत्येक ∨ चा ∧, फायनल होत्या त्या नॉन-फायनल, नव्हत्या त्या फायनल. स्टेट्स तेवढ्याच, एकही जास्त नाही.

पण ही अदलाबदल करताना लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात, म्हणून छोटं उदाहरण हाताने करून बघू. अल्फाबेट `a`, `b`. लँग्वेज: शेवटून दुसरं अक्षर `a`. एनएफए तीन स्टेट्सचा:

```
q0:  a -> q0 ∨ q1     b -> q0
q1:  a -> q2          b -> q2
q2:  a -> false       b -> false
final: q2
```

`q2` वरून पुढे बाणच नाहीत, म्हणून तिथे `false`. आपण कागदावर एनएफए काढतो तेव्हा हे `false` दिसतच नाही, नुसता बाण नसतो, आणि घोळ तिथेच होतो. कॉम्प्लिमेंट असा येतो:

```
q0:  a -> q0 ∧ q1     b -> q0
q1:  a -> q2          b -> q2
q2:  a -> true        b -> true
final: q0, q1
```

पहिली चूक, फक्त फायनल स्टेट्स उलट्या केल्या आणि ∨ तसाच ठेवला. डीएफएच्या सवयीने हे होतं, तिथे ∨ नसतोच त्यामुळे तेवढं पुरतं. इथे `aa` टाकून बघा: `q0` मध्येच बसून राहणारा रस्ता शब्द पास करून टाकतो, खरं तर तो नापास व्हायला हवा. ही चूक लगेच सापडते, कारण मशीन सरसकट सगळेच शब्द पास करत सुटतं.

दुसरी चूक जास्त चिवट. ∧, ∨, फायनल सगळं नीट उलटं केलं पण `false` चा `true` करायचा राहिला. मी एकदा नेमकं हेच केलं होतं, कोडमध्ये न दिलेलं ट्रान्झिशन म्हणजे `false` असं डिफॉल्ट होतं, आणि ही अदलाबदल करणारं फंक्शन फक्त दिलेल्या ट्रान्झिशनवरून फिरत होतं. `aa`, `ba`, `ab`, `a` सगळे टेस्ट पास. दोन अक्षरांपर्यंतच्या कुठल्याच शब्दात ती चूक दिसत नाही. `abb` वर फुटतं: शेवटून दुसरं `b` आहे म्हणजे कॉम्प्लिमेंटमध्ये पास व्हायला हवा, पण पहिल्या `a` ने `q1` चा दावा सोडला, तो पुढे `q2` झाला आणि अजून एक अक्षर शिल्लक आहे. मूळ मशीनमध्ये इथे रस्ता मरायचा. उलट मशीनमध्ये इथे दावा सिद्ध होऊन सुटायला हवा, तोच मरतोय, आणि ∧ असल्यामुळे एक मेला की सगळं गेलं. तेव्हा आधी सगळी ट्रान्झिशन पूर्ण भरा, `false` लिहून, आणि मगच उलटी करा.

आता शब्द तपासायचा कसा. पुढून गेलात तर दाव्यांचं झाड वाढत जातं. मागून या. शब्द संपल्यावर कुठले दावे खरे ते माहीतच आहे, फायनल स्टेट्स. एक अक्षर मागे आलं की प्रत्येक स्टेटचा फॉर्म्युला त्या खऱ्या-खोट्यांवर चालवायचा, नवीन खरे-खोटे मिळतात. वरच्या कॉम्प्लिमेंटसाठी अख्खा प्रोग्रॅम एवढाच:

```python
def accepts(w):
    q0, q1, q2 = True, True, False
    for c in reversed(w):
        q0, q1, q2 = ((q0 and q1) if c == 'a' else q0), q2, True
    return q0
```

`abb` हाताने चालवा. शेवटी (१,१,०). एक `b` मागे: (१,०,१). अजून एक `b`: (१,१,१). मग `a`: `q0` = १ आणि १, म्हणजे १, पास. `aa` घ्या: (१,१,०), मग (१,०,१), मग `q0` = १ आणि ० = ०, नापास. बरोबर.

म्हणजे शब्द तपासणं एएफएमध्येही स्वस्तच आहे, अक्षरागणिक एकदा सगळे फॉर्म्युले. फक्त शब्द मागून वाचता आला पाहिजे, आणि हा "फक्त" बऱ्याच ठिकाणी नडतो. फाइल हातात असेल तर ठीक, पण डेटा सतत येत असेल तर शेवट कुठून आणणार? तिथे पुढून जायला "सध्या सगळे खरे ठरायला हवेत असे दावे" यांचा सेट सांभाळावा लागतो. एक जपून: एनएफएच्या सबसेट कन्स्ट्रक्शनमध्ये सेट म्हणजे "यापैकी एक", इथला सेट म्हणजे "हे सगळे". दिसायला दोन्ही सारखे, अर्थ बरोबर उलटा, आणि एकाच कोडमध्ये दोन्ही असतील तर टाइपचं नाव वेगळं ठेवाच. हा सेट-वाला एनएफए 2^n पर्यंत जातो. आणि पुढून वाचणारा डीएफएच हवा असेल तर तो दुहेरी, 2^(2^n) पर्यंत, आणि ही मर्यादा खरंच गाठली जाते. चंद्रा, कोझेन आणि स्टॉकमायर यांच्या १९८१ च्या पेपरमध्ये हे आहे. गंमत म्हणजे लँग्वेज उलटी वाचली तर डीएफए 2^n मध्येच बसतो, आणि तो का हे वरच्या पाच ओळींच्या कोडमध्येच दिसतं, n खरे-खोटे म्हणजे जास्तीत जास्त 2^n अवस्था, मागून वाचत.

मोठा खर्च येतो तो दुसऱ्याच प्रश्नात: हे मशीन एखादा तरी शब्द पास करतं का? एनएफएमध्ये हे म्हणजे ग्राफमध्ये सुरुवातीपासून फायनलपर्यंत रस्ता आहे का एवढंच, आणि असेल तर n पेक्षा छोटा शब्द मिळतोच. एएफएमध्ये अशी हमी नाही. मघाचं २९ स्टेट्सचं मशीन घ्या आणि `s` ला नॉन-फायनल करा. आता ते पास करत असलेला सगळ्यात छोटा शब्द २३१० अक्षरांचा आहे. एनएफएमध्ये ज्या २३१० स्टेट्स आपण लिहिल्या असत्या त्या इथे तपासणाऱ्याला चालत जाऊन शोधायच्यात. एएफए रिकामा आहे का हा प्रश्न पीस्पेस-कम्प्लीट आहे, एनएफएचा एनएल-कम्प्लीट. वर्णन छोटं झालं, उत्तर शोधणं महाग झालं. दोन पॅटर्न सारखे आहेत का, एक दुसऱ्यात बसतो का, हे सगळे प्रश्नही एएफएमध्ये शेवटी याच प्रश्नावर येतात. रिकामं आहे का हे सारखं तपासावं लागत असेल तर लोक एनएफएला चिकटून राहतात त्यात त्यांचा वेडेपणा नाही.

तरी माझा अनुभव असा की आधीच घाबरून एनएफए बनवून ठेवण्यात फायदा नाही. मागून येणारे खरे-खोटे वेक्टर शोधत जा आणि जे खरंच भेटतात तेवढेच साठवा. २९ स्टेट्सना कागदावर 2^29 म्हणजे ५३ कोटींच्या वर वेक्टर शक्य आहेत, पण या उदाहरणात प्रत्यक्ष भेटतात ते २३१० च्या आसपास, कारण चक्रं एकत्रच फिरतात. आणि इंटरसेक्शनमधल्या एखाद्याच भागामुळे उत्तर लवकर ठरत असेल तर बरेचदा त्याच्या खूप आधी थांबता येतं. हे मात्र पूर्णपणे तुमच्या पॅटर्नवर अवलंबून आहे, वाईट केस खरोखर वाईट असतेच.

आणि आता जे बहुतेक ठिकाणी सांगितलंच जात नाही. ∩ आणि कॉम्प्लिमेंट स्वस्त झाले, पण जोडणी, म्हणजे एकामागे एक लँग्वेज लावणं, एनएफएमध्ये फुकट होतं ते एएफएमध्ये महाग झालं. एनएफएमध्ये पहिल्याच्या फायनलवरून दुसऱ्याच्या सुरुवातीला उडी मारायची, संपलं. तेच एएफएमध्ये करून बघा. पहिली लँग्वेज K: लांबी २ नेही आणि ३ नेही भागली जाते, म्हणजे ६ ने. तिच्यामागे `a` किंवा काहीच नाही. बरोबर उत्तर: ६ ने भागून ० किंवा १ उरणाऱ्या लांब्या. आता भाबडेपणाने प्रत्येक चक्राच्या फायनलवरून पुढे उडी जोडली आणि `aaa` टाकला. दोनचं चक्र म्हणतं, माझं दोन अक्षरांवर संपलं, तिसरा `a` दुसऱ्या लँग्वेजचा. तीनचं चक्र म्हणतं, माझं तीनवर संपलं, पुढे काहीच नाही. दोघंही खूश, शब्द पास. पण ३ तर चालायला नको होता! `aaaa` पण असाच पास होतो.

चूक अशी की दोन्ही दाव्यांनी "K कुठे संपली" हे आपापलं ठरवलं, आणि त्यांना एकमेकांशी बोलायची सोयच नाही. ज्या स्वतंत्रपणामुळे मघाशी गुणाकाराची बेरीज झाली, तोच इथे आडवा येतो. नीट करायचं तर डाव्या बाजूचं मशीन आधी एनएफए करावं लागतं, सगळे दावे एका स्टेटमध्ये बांधून, म्हणजे संपण्याची जागा एकच राहील. m स्टेट्सचा एएफए डावीकडे आणि n चा उजवीकडे असेल तर वरची मर्यादा 2^m + n + 1 आहे. उजवीकडचा एएफए तसाच राहिला तरी चालतो, कारण त्याचे सगळे दावे शब्दाच्या शेवटालाच संपतात आणि शेवट सगळ्यांचा एकच असतो. स्टारलाही हीच अडचण, तिथे तर प्रत्येक फेरीची सीमा सगळ्यांनी एकच धरायला हवी.

म्हणून तुमच्या पॅटर्नमध्ये ∩ आणि "नाही" कुठे येतात ते बघा. सगळ्यात बाहेर असतील, म्हणजे "हे पण हवं, ते पण हवं, आणि अमुक नको", तर एएफए डोळे झाकून घ्या. एखाद्या तुकड्याच्या आत असतील आणि त्या तुकड्यामागे अजून काही जोडलेलं असेल किंवा त्यावर स्टार असेल, तर तेवढाच आतला तुकडा एनएफए करून घ्या आणि बाकीचं एएफएमध्ये ठेवा. माझ्याकडे हा आतला तुकडा बहुतेक वेळा पाच-सहा स्टेट्सचा निघतो, तेव्हा 2^m म्हणजे ३२ किंवा ६४, कुणाला कळतही नाही. पण एकदा एक २० स्टेट्सचा निघाला होता, आणि त्या दिवशी मी पॅटर्नच बदलून मागितला.